सासूबाईंच्या फोनवर चाचणी

सकाळपासून सुनेचं डोकं फिरलं होतं. अ‍ॅप बनवायला शिकायचं म्हणून हौसेने नवा लॅपटॉप घेतला, तर त्यातला इम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा खोटा फोन, सुरूच होईना. असा खोटा फोन चालवायला लागणारं व्हर्च्युअलायझेशन लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये बंद होतं म्हणे! ते शोधून चालू करेपर्यंत दुपार झाली, तेव्हा कुठे तो खोटा फोन रडतखडत उठला.

आता अ‍ॅप चालवून बघायला खरा फोन. तिचा स्वतःचा अगदीच जुनाट, म्हणून सासूबाईंचा घेतला. सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी लपवलेले डेव्हलपर पर्याय उघडले, लॅपटॉपवरून वायरने फोनवर अ‍ॅप चालवायला लागणारं यूएसबी डीबगिंग चालू केलं. पण बहिणीचा कॉल येणार म्हणून सासूबाईंनी फोन परत घेतला आणि हातातून सोडेनात. शेजारीच खुर्ची टाकून बसल्या.

सुनेने वायर जोडली. लॅपटॉप म्हणाला, फोनची परवानगी नाही. वायर काढून परत लावली. तेच. दुसरी वायर आणली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा तेच तुणतुणं.

"आग लागो या यंत्राला!" टेबलावर हात आपटत ती ओरडली. "आई, तुमच्या फोनवर काहीच कसं येत नाही हो?"

"येतं की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दर वेळी विचारतो, या कॉम्प्युटरला परवानगी देऊ का? मी लगेच नाही म्हणते. अनोळखी कुणी परवानगी मागितली तर नाही म्हणायचं, असं गेल्या महिन्यात तूच माझ्याकडून घोकून घेतलंस ना?"