तक्रार एकही नाही

तिच्या बायोडेटात चार ओळी ठळक होत्या: एकशे बारा ग्राहक, चाळीस कोटींच्या गुंतवणुकीवर सल्ला, सल्लागाराचे दोन्ही परवाने चालू आणि तक्रार एकही नाही. वीस वर्षं आर्थिक नियोजनात काढलेल्या या बाईला चौथ्या ओळीचाच तोरा जास्त होता. नवी नोकरीही त्याच ओळीवर मिळणार होती.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नियामकाच्या जाहीर नोंदीचा कागद पुढे सरकवला. "इथे एक तक्रार दिसतेय. गेल्या महिन्यातली, चौकशी चालू आहे. नोटीस बहुतेक तुमच्या जुन्या ऑफिसात गेली."

"दुसऱ्या कुणाची असेल."

"परवाना क्रमांक तुमचाच आहे. जोखीम न झेपणाऱ्या ग्राहकाला जोखमीच्या फंडात घातलं, असं म्हटलंय."

तक्रारदाराचं नाव नव्हतं. पण फंड आणि तारीख वाचून तिला ओळख पटली. त्या तारखेला त्या फंडात तिच्या ग्राहकांपैकी एकट्या थोरल्या बहिणीने पैसे घातले होते. भांडी विसळताना ताई म्हणाली होती, "तूच भर गं तो फॉर्म, मला काय कळतंय त्यातलं?" आणि किती जोखीम झेपेल हे विचारणाऱ्या दहाही प्रश्नांची उत्तरं हिनेच ठोकून दिली होती. परक्याच्या बाबतीत तिने असं मरणाला टेकली तरी केलं नसतं.

"कालच तासभर फोनवर बोललो आम्ही," ती पुटपुटली. "एका शब्दाने बोलली नाही."

"कोण?"

"ताई."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पेन पुढे केलं. "तक्रार खोटी आहे असं लिहून देताय का? मग पुढे बघता येईल."

तिने पेन घेतलं, बायोडेटातली चौथी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: तक्रार एक. फॉर्म मीच भरला होता.