अंगठा

हरिश्चंद्र पडवीत बसून मोबाईलवर एकेकाला अंगठा लावत होता. दसऱ्याची सकाळ. भावकीच्या ग्रुपवर आपट्याची पानं आणि ‘सोन्यासारखे राहा’ यांची रीघ लागली होती. तीच ती चित्रं इकडून तिकडे ढकललेली, उत्तराची वाट कोणीच बघत नाही. अंगठा उमटला की शिष्टाचार संपला.

मध्येच भक्तीचं नाव आलं. ग्रुपवर नाही, त्याच्या एकट्यासाठी.

‘बाबा, पाया पडतंय.’

परजातीतल्या विनीतशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं तो लेकीशी बोलला नव्हता. बोट अडलं. शब्द लिहावा तर हार, गप्प बसावं तर दुष्टपणा. त्याने अंगठा पाठवला आणि स्वतःच्याच मोठेपणावर खूश होऊन चहा मागितला.

चहाऐवजी बायको सुभद्रा आली. हातात मोबाईल, तोंड उतरलेलं.

“विनीतचो फोन. बाळाचे ठोके कमी झालेत. भक्तीक ऑपरेशनाक नेतत. तिना तुमका मेसेज केलेलो?”

“केल्यान. मिया अंगठो धाडलंय.”

“लेकीक अंगठो दाखवलात?”

शाळेच्या परीक्षेपासून भक्तीची रीत होती. पायावर वाकायची आणि वाकलेलीच राहायची. ‘येस मिळांदे’, यश मिळू दे, असं तोंडाने म्हटल्याशिवाय उठतच नसे.

त्याने घाईने अंगठा पुसला. तिथे मेसेज काढून टाकल्याची ओळ उरली. ती तर अंगठ्याहून वाईट, दिलेलंही परत घेतल्यासारखी. त्याने लिहिलं, ‘बाय, येस मिळांदे. सुखरूप उठ.’ एकच करडी खूण आली. फोन लावला, बंद. विनीत उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा.

“ती वाकलेलीच आसा गो,” तो म्हणाला आणि रडू लागला. सुभद्राने देवापुढची वात वर केली.

दुपार कलली तेव्हा दुसरी खूण आली. मग दोन्ही निळ्या झाल्या. खाली उत्तर उमटलं. नुसता अंगठा.

हरिश्चंद्राने मोबाईल मांडीवर पालथा घातला.

“माझो माका परत केल्यान. बरोबर केल्यान.”

मोबाईल पुन्हा वाजला. सुभद्राने उचलून वाचलं.

‘बाबा, मी विनीत. दोघंही सुखरूप आहेत. भक्तीच्या हाताला सलाइन आहे, लिहिता येत नाही. तुमचं वाचून दाखवलं. अंगठा तिनेच दाबला. मीही नमस्कार करतो.’

सुभद्राने डोळे पुसले आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

“त्याका अंगठो धाडा तरी.”

“नको. त्याका शब्द होये.”

त्याने चष्मा पुसला आणि अक्षरं शोधू लागला.

“जावयबापू कसा लिवतत गो?”