शांतवन मास्तरांचा उपास

मी दया. पारनेरकडच्या आमच्या गावातली समदी मंडळी मला तोंडाळ म्हणते, आणि ते काय खोटं न्हाई. आमचे हे म्हणजे शांतवन मास्तर. शाळेतून रिटायर झाले नि वर्षाच्या आत घशाचा कॅन्सर निघाला. मग रोज एसटीनं नगरला लाईट घ्यायला जायचं. डॉक्टर रेडिएशन म्हणतात, आमी लाईट म्हणतो.

सुरुवातीला काय वाटलं न्हाई. पुढं पुढं तोंड कोरडं ठाक पडायला लागलं. थुंकी चिकट, दोऱ्यासारखी लोंबायची. गालाला, जिभेला आतून फोड आले. मास्तर बोलायचे कमी झाले, मग जेवायचे कमी झाले. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला नीट सांगितलं हुतं. उकळून गार केलेल्या पाण्यात जरासं मीठ नि खायचा सोडा टाकून दिवसातून कैकदा खळखळून थुंकायचं. ब्रश मऊ. तिखट, आंबट, गरम बंद. घोट घोट पाणी सारखं. जेवायच्या आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करायचं जेल लावायचं, मग मऊ, कोमट खायला द्यायचं. शेजारच्या मोनिकानं दुकानातलं रंगीत माऊथवॉश आणून दिलं, ते मी परत पाठवलं. त्यात दारू असते, सिस्टरनं बजावलं हुतं, आग व्हते नि तोंड आणखी सुकतं.

इतकं करून ताट तसंच राहायचं. आणि त्यातच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मास्तरांसाठी उपास-प्रार्थना ठेवली. समदी मंडळी आळीपाळीनं उपास धरणार, संध्याकाळी मंदिरात जमणार; आमी चर्चला मंदिरच म्हणतो. हे म्हणाले, "मी बी धरतो." माणूस देवाचं नाव घेतोय, तिथं मी कशाला आड येऊ?

दुसऱ्या दिवशी नगरला कळलं मी किती येडी ते. लाईट देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालतात. तो गालावर ढिला पडला. डॉक्टरांनी वजन केलं नि मला आत बोलावलं.

"आज कसंबसं जमवलं. वजन आणखी उतरलं तर नवा मुखवटा करावा लागेल, सगळं माप पुन्हा घ्यावं लागेल. मध्ये ट्रीटमेंट थांबली की आजाराला सवड मिळते. तोंडानं जमतच नसेल तर नाकातून नळी घालू, त्यात लाज काही नाही. पण उपाशी राहायचं नाही."

एसटीत मी मास्तरांकडं बघितलं बी न्हाई. बघितलं असतं तर भरल्या गाडीत भांडले असते. घरी आले, रव्याची पातळ खीर केली, साय घातली, चांगली घोटली. डब्यात भरली नि थेट मंदिरात.

प्रार्थना चालू हुती. मास्तर पुढच्या बाकावर. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "गुळण्या करून आलाय ना? हे जेल लावा."

चर्चचे वडीलजन सॅम्युएलकाका ताडकन उठले. "दयाबाई! उपास चाललाय. देवाच्या घरात हे काय?"

"काका, सलाम. तुमी धरा, दोन दिवस जास्त धरा, तुमचं पोट भरलेलं हाय. ह्यांचा मुखवटा ढिला झालाय. लाईट चुकली तर तुमी येणार का मशीनखाली?"

"विश्वास ठेव गं जरा."

"लई विश्वास हाय! म्हणून तर रोज नगरला नेते. ज्यानं डॉक्टर दिला त्यानंच खीर दिली. आता बोला!"

पाळकसाहेबांनी हात वर केला. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. उपास सोडायचा की न्हाई?"

मास्तरांनी खाली बघितलं. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत ते बोलले. "उपास न्हाई धरला मी. घोट उतरताना काचा उतरतात. भ्यायलो मी. देवाचं नाव पुढं केलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. वर्गातल्या दांडग्या पोरांना न भिणारा माणूस, एका चमच्याला भ्याला, आणि मला एका घरात राहून कळू नये! पण रडले न्हाई. रडायला वेळ कुठं हुता? जेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडात फिरवलं. आमी थांबलो, समदं मंदिर थांबलं. मग मी अर्धा चमचा खीर पुढं केली.

त्यांनी बाक घट्ट धरला. मान ताठ झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि घोट उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला ठसका लागला, तेव्हा सॅम्युएलकाकाच पाणी घेऊन धावले. मी म्हणाले, "बास करू का?"

मास्तरांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला. "डबा इकडं दे," म्हणाले. "उद्या त्या मुखवट्याला गाल दाखवायचेत."