साठ हजारांचं दुकान

मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. गिऱ्हाईक नसलं की मी इंजिनं पुसतो, पाइप मोजतो, नाहीतर दारात उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या मोजतो. राहुरीला स्टँडच्या रस्त्यावर आमचं ऑइल इंजिन आणि पाइपांचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि आसारामचं, निम्मं निम्मं. आसाराम दिवसभर गल्ल्याशेजारी मांडी घालून बसायचा आणि मी तोंड चालवायचो. छप्पन साली अकरा हजारांना जागा घेतली, दरसालचा घसारा वजा होत होत एकाहत्तर साली वहीत तिची किंमत आठ हजार उरली होती.

त्या साली मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी येणार म्हणून जो तो इंजिन मागत होता. माल भरायला बँकेकडून तीस हजारांची उचल हवी होती. मॅनेजरनं ताळेबंद पाहिला आणि म्हणाला, "मालकांचं भांडवल फारच थोडं दिसतंय." थोडं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ हजारांत त्या रस्त्यावर कुणी पायरीसुद्धा दिली नसती!

मी नगरहून सरकारमान्य मूल्यमापक आणला. त्यानं टेप लावली, शेजारपाजारच्या विक्रीची चौकशी केली आणि बेचाळीस हजार म्हणाला. मी त्याला सोडलाच नाही. साखर कारखाना दाखवला, विद्यापीठाचं नवं काम दाखवलं, दोनदा जेवू घातलं. संध्याकाळपर्यंत बिचारा साठ हजारांवर आला आणि सही करून पळाला.

नोंद करायला आमचे हिशेब तपासनीस मुथा आले. त्यांनी इमारत खात्याला बावन्न हजार नावे टाकले आणि लेखणी थांबवली.

"मच्छिंद्रशेठ, ही वाढ म्हणजे नफा नाही. यातला एक रुपया गल्ल्यात आलेला नाही. पुनर्मूल्यांकन राखीव म्हणून वेगळं खातं काढतो, तिथं जमा करतो. दुकान विकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"आमच्या भांडवलात का नको?"

"बँकेला दोन्ही सारखंच. राखीव काय, भांडवल काय, पैसा मालकांचाच. बेरीज तीच येते. भांडवलात घातलं तर मात्र..."

मी पुढचं ऐकलंच नाही. मला माझ्या नावापुढं मोठा आकडा बघायचा होता, बस्स. माझ्या भांडवलातल्या नऊ हजारांचे पस्तीस झालेले बघायचे होते. दोघांच्या खात्यांवर सव्वीस सव्वीस हजार जमा करायला लावले. आसारामनं विचारलं, "मच्छिंद्रभाऊ, खरंच साठ हजाराचं हाय का आपलं दुकान?" मी म्हटलं, "म्हणजे काय! कमीच धरलंय." त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि सही केली.

उचल मंजूर झाली. मी पेढे वाटले. अजून बँकेतून पैसा काढलाही नव्हता, तोच आठ-दहा दिवसांनी आसाराम म्हणाला, "मला आता मोकळं करा. सोनईकडं कालव्याखालची सहा एकर ठरवलीत म्या. शेती करीन म्हंतो."

मी हसलो. म्हटलं, जा की, सुखानं जा. मग मुथांनी भागीदारीचा करारनामा वाचून दाखवला आणि माझं हसू आटलं. निघून जाणाऱ्या भागीदाराला त्या दिवशी त्याच्या भांडवल खात्यावर असेल ती रक्कम दोन महिन्यांत द्यायची. करारात राखीवचं नाव नव्हतं. भांडवलाचं होतं. आणि आसारामच्या भांडवलात पस्तीस हजार होते, माझ्याच हट्टानं.

त्या रात्री मला झोप नाही. या कुशीवर नऊ हजार, त्या कुशीवर पस्तीस. बायको रंगुबाई म्हणाली, "आवो, निजा की. का माझ्या बांगड्या इकायचा इचार चाललाय?" मला तिचाही राग आला. सगळ्यात जास्त राग आसारामचा. मुकाट बसणारी माणसं आतून पक्की असतात, यानं डाव टाकला, असंच मनात घोळत होतं.

सकाळी मुथांसमोरच मी त्याच्यावर तुटून पडलो. "आसाराम, हा कागदावरचा आकडा आहे! पैसा कुठाय? तू सगळं ठरवून केलंस!"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "न्हाई भाऊ. मला हिशेबातलं काय कळतंय? तुमी साठ म्हनलात, वहीत पस्तीस लिवलेलं दिसलं. त्याच्या जिवावर पाच हजार इसार दिलाय. कारभारीण भागूबाईच्या पुतळ्या मोडल्या, घरात हुतं-नव्हतं ते दिलं. दोन महिन्यात खरेदी न्हाई झाली तर इसार बुडतोय."

डाव कसला! त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच त्याचं चुकलं होतं.

"नोंद उलटवता येईल," मुथा हळूच म्हणाले. "नवीन मूल्यमापन आणायचं, किंमत खरी धरायची, दोघांच्या भांडवलातून तेवढी वजा करायची. दोघांच्या सह्या लागतील. बँकेलाही कळवावं लागेल."

मी काही बोलायच्या आत आसारामनं लेखणी उचलली. "खोटं आसंल तर खोडा. करतो सही. इसाराचं माझं मी बघीन. फकस्त एकदा सांगा भाऊ, साठ हजाराचं हाय का न्हाई?"

मुथा माझ्याकडं बघत होते. बेचाळीस हा आकडा माझ्या जिभेवर होता. तो सांगितला असता तर आसारामला पस्तीसाऐवजी सव्वीसच द्यावे लागले असते, ते उसनेपासने करून माझं दुकान वाचलं असतं. पण समोर तो लेखणी धरून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. रागावला असता तर मी सांगितलंही असतं.

"आहे," मी म्हणालो. "साठ हजारांचंच आहे. तुझे पस्तीस तुला मिळतील."

त्यानं लेखणी खाली ठेवली.

पुढं काय व्हायचं ते झालं. बँकेची उचल फक्त मालासाठी होती; ती नको म्हणून मी कळवलं आणि दुकान विकायला काढलं. दलाल तीन गिऱ्हाइकं घेऊन आला. शेवटचं एक्केचाळीसवर थांबलं, तेही मी घसा फोडफोडून. पस्तीस आसारामला दिले. वहीत साठला धरलेली जागा एक्केचाळीसला गेली. तो एकोणीस हजारांचा तोटा मुथांनी एकट्या माझ्या भांडवलातून वजा केला, कारण भागीदार आता कुणी उरलाच नव्हता. उरलेला माल घेऊन मी मागच्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात गेलो. तिथं दारात उभं राहिलं तर समोरची भिंत दिसते, मोजायला गाड्यासुद्धा नाहीत.

परवा आसाराम इंजिनाचा वॉशर न्यायला आला. अंगावर चिखल, चेहरा खुललेला. गहू लई झालाय म्हणाला. मग जवळ सरकून हळूच बोलला, "भाऊ, खरेदीखतात एक्केचाळीस दावल्यात म्हनं तुमी? ठावं हाय मला. कागदावर कमी, वरचं हातात. साठाच्या बी वर गेलं आसंल, व्हय ना?"

आमच्याकडं खरेदीखतावरचा आकडा कुणी खरा धरत नाही. तेच बरं आहे. खरं कळलं तर हा माणूस दोन एकर विकून पैसे माझ्या पुढ्यात आणून ठेवील.

"गेलं की," मी म्हणालो. "बासष्टला गेलं."

तो खूश होऊन गेला. वॉशरचे पैसे मी त्याच्याकडून रोख घेतले.