लाल रेक्झिन

अण्णांनी आपली गाडी नयनाला देऊ केली होती. मरणाच्या आदल्या दुपारी ते तिला सीट कव्हरं शिवणाऱ्या नागनाथकडे घेऊन गेले. कॉलेजात शिकवायला गेली की गाडी दिवसभर उन्हातच उभी राहणार होती.

“चामडं उन्हात वाळून तडकतं, सारखं तेल चोळावं लागतं,” नागनाथ म्हणाला. “रेक्झिन पुसायला सोपं, पण तापलं की चटका देतं. जाड सुती घ्या, अक्का. रंग स्वल्प उडेल, पण बसवेल.”

“सुतीच शिव,” अण्णा हसले. “लेक भाजायला नको माझी.”

तेराव्यानंतर नागनाथ गाडी घेऊन अण्णांच्या घरी आला. आत लाल रेक्झिन होतं.

“तुम्ही दोघं येऊन गेलात, त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला,” तो चाचरत म्हणाला. “गाडी तुमच्या भावाकडे जाणार, त्यांच्याकडे गॅरेज आहे, पोरं सांडलवंड करतात, रेक्झिनच घाल म्हणाले. अक्काला मीच सांगतो म्हणाले.”

तो गेल्यावर नयना तापलेल्या सीटवर बसली. साडीतूनही चटका बसला, तरी ती उठली नाही. अण्णांपुढे तिने कधी शब्द काढला नव्हता.

“अण्णा,” रिकाम्या गाडीत ती मोठ्याने म्हणाली, “तुम्ही मला फसवलंत.”