दोन आकड्यांच्या मधोमध

समितीच्या टंकलिखित तक्त्यात गिरणीमागच्या गल्लीपुढे शून्य लिहिलेलं होतं. ते पाहिलं आणि मोजणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत त्या गल्लीत म्हणे एकही माणूस मेलं नाही! बाईंची सख्खी आजी त्याच गल्लीत मेली होती, दोन मामाही तिथंच गेले. आणि इथं, जाड कागदावर, समासबिमास सोडून, कुणीतरी ठसठशीत गोल शून्य काढून ठेवलं होतं.

बाई अभिलेखागारात मेलेल्यांची मोजदाद करायच्या. पंधरा वर्षं तेच काम, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत. बाईंनाही ते नाव आवडायचं, फक्त तसं त्या कुणाला कळू देत नसत. एकाहत्तर वर्षांपूर्वी, लढाई चालू असताना पडलेल्या दुष्काळाचं स्मारक चौकात उभं राहणार होतं. दगड आला होता, पाथरवट आला होता, घोडं अडलं होतं ते आकड्यापाशी. मेले किती? आकडा ठरवायला तिघांची समिती नेमली होती. प्रमुख म्हणून एक निवृत्त न्यायमूर्ती, शासनाकडून सचिव आणि तज्ज्ञ म्हणून मोजणीबाई. एकदा दगडावर कोरलं की तेच शाळेच्या पुस्तकात जाणार, आणि मग पुढच्या शंभर वर्षांत त्याला कुणी हात लावणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सचिवांचा आकडा तयारच होता. नऊ हजार दोनशे बारा.

बाई मूळ नोंदवह्या मागवून तळघरातल्या लांब टेबलाशी बसल्या. गिरणीमागच्या गल्लीची वही उघडली. पहिल्या दोन महिन्यांत नोंदी खच्चून भरलेल्या, पण कारणाच्या रकान्यात एकदाही 'उपासमार' नाही, म्हणून तक्त्यात त्यातली एकही धरलेली नाही; अक्षर आधी वळणदार, मग घाईचं, मग वेडंवाकडं. तिसऱ्या महिन्याच्या अकरा तारखेनंतर पान कोरं, त्यापुढची सगळी पानं कोरी. तिथं शून्य कुठंच नव्हतं, तिथं काहीच नव्हतं. मयत लिहायची पद्धत अशी की घरातल्या कुणीतरी येऊन सांगायचं आणि कारकुनानं लिहायचं. अख्खं घर संपलं तर सांगायला येणार कोण? आणि अकरा तारखेनंतर लिहायलाही कुणी नव्हतं. कारकुनाचं नाव बाईंना दफनभूमीच्या रखवालदाराच्या वहीत सापडलं, तारीख बारा.

म्हणजे जिथं सगळ्यांत जास्त माणसं मेली, तिथंच नोंद बंद पडली. मग मंत्रालयातल्या कुणा शहाण्यानं तक्ता करताना कोऱ्या जागा दिसल्या तिथं शून्य ठोकून दिलं. तक्ता सुबक दिसावा म्हणून! अशी दोनशे चौदा गावं आणि गल्ल्या.

"अहो, पण आकडा सरकारी नोंदींवरूनच काढलाय," सचिव बैठकीत म्हणाले. "आम्ही मनानं काही घातलेलं नाही."

"तेच तर म्हणते मी. मनानं शून्य घातलंय." बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "आणि जिथं नोंद आहे, तिथलं तुम्ही काय मोजलंत? कारणाच्या रकान्यात 'उपासमार' लिहिलंय तेवढेच! बाकीच्यांपुढे काय लिहिलंय ते वाचा ना. ताप, हगवण, सूज, अशक्तपणा. उपाशी माणूस उपासानं क्वचितच मरतो साहेब, तो हगवणीनं मरतो, कारण अंगात काही उरलेलंच नसतं. आणि त्या वेळी 'उपासमार' लिहिलं की वरून खुलासा मागवायचे. कोण लिहील?"

"मग करायचं काय?" न्यायमूर्तींनी विचारलं. भला माणूस, पण त्यांना प्रत्येक भांडणात तडजोड दिसायची.

बाईंनी फळ्याकडे जाऊन खडू उचलला. कारण बघायचंच नाही, त्या म्हणाल्या. एरवी किती मरतात आणि त्या वर्षांत किती मेले, एवढंच बघायचं. वरचे जे, ते दुष्काळाचे. दोन वर्षांत सगळ्या कारणांनी मिळून नोंदलेले मृत्यू सेहेचाळीस हजार. सहा लाख दहा हजारांच्या त्या जिल्ह्यात दोन बऱ्या वर्षांत खरे मरायचे सत्तावीस हजारांच्या आसपास. पण नोंद चांगल्या काळातही तिनातल्या दोघांचीच व्हायची. दुष्काळातही तेवढीच झाली असं धरलं तर खरे मेलेले एकोणसत्तर हजार, म्हणजे वरचे बेचाळीस हजार. नोंद निम्म्यावर आली असं धरलं तर मेलेले ब्याण्णव, वरचे पासष्ट.

"म्हणजे तुम्ही काय धरता त्यावर सगळं!" सचिव खूश होऊन म्हणाले.

"हो. म्हणूनच लोकांचे आकडे जुळत नाहीत. मी काय धरलंय ते मी फळ्यावर लिहिते, तुम्ही शून्याखाली लपवता, एवढाच फरक."

मग त्यांनी गल्लीच्या दोन याद्या काढल्या. रखवालदाराच्या वहीत चाळीस नावं, दुष्काळी लंगरात जेवणाऱ्यांच्या कार्डांवरून 'मयत' म्हणून कमी केलेली तीस नावं. दोन्हीकडे असलेली दहा. लंगरातल्या तिसातली दहाच रखवालदाराला सापडली, म्हणजे त्याची वही तिघांतल्या एकालाच पकडत होती. चाळीस त्याची, तर एकूण एकशेवीसच्या घरात. "आणि ओळखीपाळखीची माणसं दोन्ही याद्यांत जायची, एकटीदुकटी दोन्हींतून सुटायची. तसं असेल तर एकशेवीसही कमीच. तुमच्या तक्त्यात इथं शून्य."

दुष्काळात मेलेल्यांच्या वारस मंडळाच्या अध्यक्षांना त्या दिवशी म्हणणं मांडायला बोलावलं होतं. ते इतका वेळ कसेबसे गप्प होते, आता टेबलावर हात आपटून उठले. "शाब्बास, बाई! आमचा आकडा एक लाख बावीस हजार! जनगणनाच सांगते. आधीच्या जनगणनेवरून नंतरच्या वेळी सहा लाख साठ हजार लोक असायला हवे होते, निघाले पाच लाख अडतीस. बाकीचे कुठं गेले? खाल्ले ना यांनी!"

बाई त्यांच्याकडे वळल्या. राग तोच होता, त्याला बाजू नव्हती.

"काही जण चालत गेले, अध्यक्षसाहेब. जिल्हा सोडून. शेजारच्या जिल्ह्यांच्या जनगणनेत जन्मगावाचा रकाना आहे. बाहेर गेलेले वीस ते तीस हजार निघतात. आणि पंचवीस ते पस्तीस हजार मुलं जन्मलीच नाहीत. उपाशी बाईला दिवस राहत नाहीत, पुरुष लढाईवर. ते नुकसानच आहे, पण जे जन्मलं नाही ते मेलं असं मी लिहिणार नाही. ते दोन्ही वजा केले की उरतात सत्तावन्न ते सत्त्याहत्तर हजार. मृत्युनोंदीवरून पासष्टपर्यंत पोचलो होतो आपण. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी आलो, म्हणून माझा त्यावर विश्वास."

"सरकारची तळी उचलता तुम्ही!" अध्यक्ष ओरडले.

"आणि सैन्यानं बैल ओढून नेले म्हणून जे मेले, ते लढाईचे की दुष्काळाचे?" सचिवांनी मध्येच काडी टाकली. "आमच्या युद्धस्मारकावर त्यातले काही आधीच आहेत."

"शिपायाची हजेरी रोज घेतली जाते, म्हणून तो मेल्याचं त्याच दिवशी कळतं. बैल गेलेल्या माणसाची हजेरी कोण घेणार? कुठंही धरा, पण दोन दगडांवर दोनदा धरू नका आणि दोन्हींवरून वगळूही नका."

इथं न्यायमूर्तींनी चष्मा काढला. साहेबांनी चष्मा काढला की तडजोड आलीच.

"असं करू. एक बाजू म्हणते नऊ हजार दोनशे बारा. दुसरी, एक लाख बावीस हजार. मधला काढू." त्यांनी कागदावर बेरीज केली, दोननं भागलं. "पासष्ट हजार सहाशे सहा. आणि मोजणीबाई, हे तर तुमच्याच दोन टोकांच्या आत येतं! तुम्हीच जिंकलात. करा सही."

सचिव हसले. अध्यक्ष पुटपुटले, पण मान हलवली. बाईंनी कागदावरचा आकडा पुन्हा वाचला. उत्तर बरोबर, आणि सगळी रीत खोटी! उद्या कुणी पाच लाख म्हटलं की मधला आकडा सरकणार. कुणी मेलंच नाही म्हटलं की पुन्हा सरकणार. जो जास्त निर्लज्ज, त्याच्याकडे आकडा झुकणार. आणि तरीही क्षणभर हात पेनाकडे गेला, कारण नऊ हजारांपेक्षा ते बरंच बरं होतं.

साक्षीदारांच्या बाकावर बाईंची मावशी बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. कान तिखट, जीभ त्याहून. मंडळानं साक्षीला बोलावलं होतं आणि सकाळपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी काय म्हणते गं," ती भाचीला म्हणाली, "या साहेबांच्या नऊ हजारांत माझी आई आहे?"

"नाही, मावशी. आपल्या गल्लीत शून्य आहे."

"आणि त्या लाखांत?"

"आहे."

"आणि मी? मी सात वर्षांची, तुझी आई माझ्या कडेवर. आम्ही दोघी चालत शेजारच्या जिल्ह्यात गेलो आणि तिथंच राहिलो. मी कुठं आहे?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी अध्यक्षांकडे पाहिलं. "तू त्या लाखांतच आहेस, मावशी. मेलेल्यांत. माझी आईसुद्धा."

"अगं बाई!" मावशी उठली आणि काठी टेकत न्यायमूर्तींच्या टेबलाशी आली. "म्हणजे साहेब, तुम्ही मधला काढलात तेव्हा माझी आई अर्धी मेली, आणि मीही अर्धी मेले? ती पुरती मेलीय हो. मी पाणी पाजत होते, मला माहितेय. आणि मी ही अख्खी उभी आहे तुमच्यासमोर!"

न्यायमूर्ती चष्मा पुसत राहिले.

"भावनेचा प्रश्न नाही हा, आजी," सचिव म्हणाले. "पाथरवट खोळंबलाय. मॅडम, सही करता की नाही? नाहीतर आम्ही दोघंच करू, बहुमत आहे."

"करा," बाई म्हणाल्या. "पण सभासदाचा हस्तलिखित शेरा तक्त्यावर असेल तर तो तसाच छापावा लागतो. तुमच्याच आदेशातलं कलम आहे. बरोबर ना, साहेब?"

न्यायमूर्तींनी आदेश उलटून पाहिला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तडजोड न शोधता म्हणाले, "बरोबर आहे."

बाईंनी तक्ता पुढ्यात ओढला, खुर्ची सरकवून मावशीला शेजारी बसवलं आणि पहिल्या शून्यावर काट मारून शेजारी लिहिलं, 'नोंद नाही'. मग दुसऱ्यावर.

"'सगळे मेले' असं लिही की!" मावशी म्हणाली.

"ते मला माहीत नाही, मावशी. माहीत नाही तेच लिहितेय."

"दोनशे चौदा ठिकाणी लिहिणार?" सचिवांचा आवाज चढला. "उद्यापासून तुम्ही समितीवर नाही, लक्षात ठेवा!"

"उद्यापासून ना? आज आहे." मावशी एकेका गावाचं नाव मोठ्यानं वाचू लागली आणि बाई लिहू लागल्या. गिरणीमागची गल्ली आली तशी मावशी थांबली. तिथं काय झालं ते बाईंना वहीवरून ठाऊक होतं. त्यांनी शून्य खोडलं आणि लिहिलं, 'नोंद करणारा कारकून मेला. त्यानंतर किमान माझी आजी आणि दोन मामा.' मावशीनं ते बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं.