बैठकीच्या लावणीनंतर

अण्णांनी फोन तोंडाशी आडवा धरला होता आणि डाव्या हाताची बोटं ओट्यावरच्या पाटावर वाजत होती. ढोलकीचा ठेका. अंगठा माइकच्या खुणेवर इतका घट्ट दाबलेला, की नख पांढरं पडलं होतं.

कीर्तीने बोईसरहून येऊन स्कूटर लावली. प्रयोगशाळेतल्या रसायनांचा वास अजून ओढणीला होता.

“अण्णा, दुपारची गोळी घेतली का?”

त्यांनी तळहात वर केला. थांब.

ती आत गेली आणि नळ पूर्ण सोडून भांडी घासायला बसली.

महिनाभर हेच चाललं होतं. धाकटी मेघाली जर्मनीला शिकायला गेली आणि तिचं गाण्यांचं ॲप तिकडे चालेना. वर्षानुवर्षं जमवलेली लावण्यांची, भावगीतांची यादी गेली. करमत नाही म्हणून ती दुसऱ्या ॲपवर पुन्हा जुळवायला बसली. नाव शोधलं की आधी रिमिक्स यायचे, मग कुणीतरी नव्याने गायलेलं. मूळ कुठलं ते अण्णा सांगायचे. “सुरुवातीला सारंगी हाय का बघ. नसेल तर ती नाय.” क्रमही त्यांचाच. “फडाच्या लावणीवर लगेच भावगीत नको ठेवू. कान तापलेला असतो. मधे बैठकीची घाल, सावकाश, बसून गायलेली. मग भावगीत आपसूक येतं.” जी गाणी ॲपवर नव्हतीच, ती ते स्वतः गुणगुणून पाठवत.

केळव्याच्या या घरात वडिलांची गोळी, चष्मा, वाडीतल्या पानवेलीचं पाणी कीर्तीकडे होतं. गाणं मेघालीकडे.

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, “कीर्ती, ती एक लावणी हाय बघ...”

“ते मेघालीला विचारा.”

अण्णांनी भातात कालवण ओतलं आणि घास घेतला. सकाळी ते वाडीत गेले, ते पोफळीला टेकून बसलेलेच सापडले.

मेघाली आली, तेराव्यानंतर परत गेली. पुढे पंधरवड्याने तिची लिंक आली. यादी पुरी झाली होती. कीर्तीने ती दोन दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा रविवारची दुपार होती, ओट्यावर पाट तसाच होता.

फडाची लावणी वाजली. दुसरी वाजली. पुढची ओळ मात्र फिकट, राखाडी अक्षरांत होती: ‘बैठकीची – कीर्तीची’. तिने बोट ठेवलं. काही वाजलं नाही. पुन्हा ठेवलं. ॲप पुढच्या भावगीतावर गेलं.

माझं नाव, आणि तेही तिच्याकडेच.

तिने फोन लावला.

“तू मला लिंक पाठवलीस की वाकुल्या दाखवल्यास?”

“काय झालं, ताई?”

“माझ्या नावाचं गाणं वाजत नाही.”

“अगं, ते ॲपवरचं गाणं नाही. अण्णांचा व्हॉइस मेसेज आहे. मी तो फाइल करून माझ्या फोनमधून यादीत घातला. असं घातलेलं दुसऱ्याच्या फोनवर वाजत नाही, नुसतं नाव दिसतं. माझ्या लक्षातच आलं नाही. वेगळा पाठवते.” मग ती म्हणाली, “मी काही कापलेलं नाही त्यातलं. तू आहेस त्यात. इथं करमेना झालं की तेवढाच भाग लावते. तुझी भांडी. तुला बरं आहे, ताई. तू त्यांच्या कानाशी होतीस.”

कीर्तीने फोन ठेवला. फाइल आली.

पाटावर बोटं. अण्णांचा आवाज, थोडा फाटलेला, सावकाश. मग स्कूटर. मग तिचाच आवाज, तिला वाटलं होतं त्याहून किती करडा: अण्णा, दुपारची गोळी घेतली का?

बोटं थांबली.

“आली बघ तुझी बहीण,” अण्णा म्हणाले. “ही लावणी तिची हाय. पाळण्यात हिच्यावर निजायची. नंतर माझ्या मागून म्हणायची, बोबडी. पुढची ओळ मला नाय आठवत, तिला येत असणार.” मग मोठ्याने, “कीर्ती!”

नळाचं पाणी. पातेल्यावर पातेलं.

“नळ सोडलाय. नाय ऐकू जायचं. जेवताना विचारतो.”

फाइल संपली. वाडीत वाऱ्याने झावळी सरकली. कीर्तीने ती पुन्हा लावली आणि पाटाजवळ बसली. या वेळी अण्णांनी हाक मारली तिथेच बोटाने थांबवली. पाण्याचा आवाज सुरू व्हायच्या आत.

“विचारा ना, अण्णा,” ती म्हणाली. “मला येते.”